अंगणातली पावलं, हॉलमधला माइक

मावशी दारातून फाटकापर्यंत चालत जाते, असा बारा सेकंदांचा शॉट मी मोबाइलवर घेतला होता. चित्र छान आलं. आवाजात मात्र रिक्षा, शेजारचा कुकर आणि वारा. पावलं औषधालाही नव्हती. मोबाइल चार मीटर लांब होता, त्यामुळे तसं होणारच होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजे 6 डेसिबलची घट. उलट चार मीटरऐवजी चाळीस सेंटिमीटरवर माइक धरला, तर पावलाचा दाब दहापट, म्हणजे 20 डेसिबलने वाढतो. रिक्षा मात्र आहे तेवढीच लांब राहते.

पण माइक इतका जवळ आणला की तो चित्रातही दिसतो. म्हणून सिनेमावाले पावलं आणि कपड्यांची सळसळ नंतर, पडद्यावरचं चित्र बघत, वेगळी रेकॉर्ड करतात. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली हे काम करायचे. त्यांच्यावरूनच या कलेला ‘फोली’ म्हणतात.

मी हॉलमध्ये शहाबादी फरशीचा दोन फुटी तुकडा ठेवला. घरातली गुळगुळीत टाइल चालत नाही, तिच्यावर चप्पल नुसती टपटपते. शहाबादी खरबरीत असते, म्हणून तिच्यावर तळवा घासल्याचा आवाज येतो. तुकडा नुसताच ठेवला तर कोपऱ्यात पोकळ वाजतो. त्यावर उपाय म्हणून खाली गोणपाटाची दुहेरी घडी घातली. अंगणातल्या मातीची करकर हवी होती, त्यासाठी फरशीवर चिमूटभर बारीक वाळू टाकली. जास्त टाकली की समुद्रकिनारा होतो.

चालायचं जागच्या जागीच, आणि खरी अडचण तिथेच आहे. जागेवर पाय उचलून ठेवला की अख्खा तळवा एकदम आपटतो. खरं पाऊल दोन टप्प्यांत वाजतं: आधी टाच, मग तळवा टेकतो आणि बोटं जमीन ढकलतात. म्हणून टाच टेकवून वजन मुद्दाम पुढे न्यावं लागतं. मावशी चालते तशी डावा पाय किंचित ओढत मी चाललो, तेव्हा कुठे ती पावलं तिची वाटू लागली. (घरच्यांना मात्र मी वेडाच वाटलो.)

माइक जवळ म्हणजे किती जवळ? पहिल्यांदा मी वीस सेंटिमीटरवर ठेवला. पाय दहा सेंटिमीटर सरकला की अंतर वीसचं तीस होतं आणि आवाज साडेतीन डेसिबलने पडतो. एक पाऊल मोठं, एक लहान, लंगडल्यासारखं. ऐंशी सेंटिमीटरवर तेवढाच पाय सरकला तर फरक फक्त एक डेसिबल. शिवाय समोरचाच आवाज जास्त पकडणारे दिशादर्शी माइक अगदी जवळून खर्जाचे सूर फुगवतात, त्यामुळे कोल्हापुरी चप्पल बुटासारखी धप्प वाजते. कॉलरला लावायच्या माइकमध्ये, तो सर्व दिशांनी ऐकणारा असेल तर, हा दोष नसतो, पण तो खोलीचा घुमारही तितकाच गोळा करतो. शेवटी दिशादर्शी माइक गुडघ्याच्या उंचीवर, पावलांकडे रोखून, साधारण ऐंशी सेंटिमीटरवर ठेवला.

आता खोली. टाळी वाजवून बघा. मागून डब्यातल्यासारखा घुमार आला, तर पावलंही तशीच येतील, आणि अंगणाला भिंतींचा घुमार नसतो. माइकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टांगल्या. पंखा आणि फ्रिज बंद केले.

साडीची सळसळ मात्र वेगळ्या ट्रॅकवर घ्यावी लागते, कारण ती पावलांपेक्षा कितीतरी हळू असते. माइकचा आवाज वाढवला की माझा श्वास आणि टीशर्टही ऐकू येतो. इथे माइक तीस सेंटिमीटरवर आणला. खळ दिलेली सुती साडी दोन्ही हातांत धरून, चित्र बघत, पूर्ण बारा सेकंद सलग हलवली. खळ नसलेलं सुती कापड जवळजवळ मुकंच असतं. उलट पॉलिएस्टरचा दुपट्टा इतका चुरचुरतो की साडीऐवजी पिशवी वाटते.

मग जुळवणी. सेकंदाला 25 चित्रं असतील तर एक चित्र 40 मिलिसेकंदांचं. ध्वनीला ऐंशी सेंटिमीटर यायला जेमतेम अडीच मिलिसेकंद लागतात, तेवढ्याने काही बिघडत नाही. टाच टेकते ते चित्र शोधून तिथे आवाजाचं सुरुवातीचं टोक बसवायचं. आवाज चित्राच्या आधी आला तर चटकन खटकतो, किंचित मागे राहिला तर कान खपवून घेतो. एकच चांगलं पाऊल अठरा वेळा चिकटवायचा मोह मला झाला होता. पाचव्या पावलापर्यंत ते शिवणयंत्र झालं होतं.

साडीचा ट्रॅक इतका खाली ठेवला की तो वाजतोय हे कळतच नव्हतं. तो बंद केला तेव्हा मावशी चालत होती, पण तिच्या अंगावरची साडी जणू कागदाची कातरलेली झाली. मग तो पुन्हा तितक्याच आवाजावर सुरू करून ठेवला.