पेन्शन दर महिन्याला सारखी, खर्च मात्र नाही: एका जोडप्याचा हिशोब
(आमच्या सेवा केंद्रातल्या पेन्शनधारक ग्राहकांसाठी)

हा हिशोब नमुन्याचा आहे. काकाजी तहसील कार्यालयातून शिपाई म्हणून निवृत्त झाले. घरात ते आणि काकू दोघंच. घर स्वतःचं, शेती नाही.

आधी हातात नेमके किती येतात ते पाहू. शेवटचं मूळ वेतन 40,000, म्हणून मूळ पेन्शन 20,000. त्यातला 40 टक्के भाग, म्हणजे 8,000, विकून काकाजींनी एकरकमी पैसा घेतला. हे झालं अंशराशीकरण. त्यामुळे मूळ पेन्शन 12,000 उरली. महागाई भत्ता मात्र विकलेल्या भागासकट पूर्ण 20,000 वर मिळतो. भत्ता 50 टक्के धरला तर 10,000, म्हणजे हातात 22,000. पुष्कळ जण भत्ता 12,000 वर मोजतात आणि बँकेने कमी-जास्त जमा केलं म्हणून घाबरतात. विकलेले 8,000 पंधरा वर्षांनी परत सुरू होतात, पण आजच्या बजेटमध्ये ते धरायचे नाहीत.

पहिल्या वर्षी दोघांनी डिसेंबर ते फेब्रुवारीचा खर्च वहीत लिहिला. महिन्याला 16,500 भरला. "साडेपाच हजार उरतात," असं म्हणून काकूंनी तीन हजारांची भिशी लावली. एप्रिल लागला आणि वर्षाचा गहू, तुरीची डाळ, नात्यातली दोन लग्नं आणि कूलर एकदमच दारात उभे राहिले. शेवटी बांगड्या गहाण पडल्या. वहीतले आकडे खरेच होते, महिने तेवढे चुकीचे निवडले होते. आपल्याकडे थंडीचे तीन महिने वर्षातले सगळ्यात स्वस्त असतात. भाजी स्वस्त, पंखा बंद, सण थोडे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च वेगळे काढले. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळ, मिरची आणि वाळवण मिळून 15,000. आहेर 8,000. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी आणि लेकीचं माहेरपण 11,000. गाडीचा विमा आणि दुरुस्ती 3,500. घरपट्टी-पाणीपट्टी 1,800. रक्ततपासणी आणि चष्मा 5,700. कूलर 3,000. एकूण 48,000, म्हणजे महिन्याला 4,000.

कूलरचा आकडा लोकांना पटत नाही, म्हणून तो फोडून सांगतो. 200 वॅटचा कूलर रोज 12 तास चालला तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72 युनिट लागतात. ज्या घरात एरवी 70 युनिट जळतात तिथे 142 होतात. 100 च्या वरच्या युनिटना दर बराच चढा लागतो, त्यामुळे युनिट दुप्पट झाले की बिल दुपटीहून जास्त येतं. त्यात नव्या ताट्या आणि खराब झालेला पंप आलाच.

हे 4,000 पेन्शन जमा होताच दुसऱ्या बचत खात्यात वळते करायचे. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. आवर्तक ठेव इथे सोयीची नाही, कारण एप्रिलमध्ये ती मध्येच मोडावी लागते आणि व्याज कापलं जातं.

एक अडचण राहते. जानेवारीत सुरुवात केली तर मेअखेर 20,000 जमतात. तोवर घरपट्टी-पाणीपट्टी, धान्य, आहेर आणि कूलर मिळून 27,800 गेलेले असतात. म्हणून पहिल्याच वर्षी एकरकमी पैशातून 7,800 त्या खात्यात आधीच टाकून ठेवायचे. दिवाळी झाल्यावर सुरुवात केली तर ही तूट फार कमी राहते.

आता रोजच्या संसाराला उरले 18,000. किराणा, दूध, भाजी, सिलिंडर, बिल, मोबाइल, पेट्रोल आणि बीपी-शुगरच्या गोळ्या यातच बसवायच्या. ही मर्यादा आणखी एका कारणाने पाळावी असं आम्ही आग्रहाने सांगतो. उद्या काकाजी नसले तर काकूंना सर्वसाधारण दराने कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 12,000, आणि त्यावर भत्ता 6,000 मिळेल. तेही 18,000 च. महिन्याचा खर्च आजच 20,000 वर गेला असेल, भिशी किंवा हप्ता लावून ठेवला असेल, तर तो भार एकट्या काकूंवर येईल.

याशिवाय एका महिन्याचे 18,000 बाजूला असू द्या, सणालाही त्यांना हात लावू नका. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला पोहोचला नाही तर पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर थकलेली रक्कम मिळते, पण तोवर किराणा उधारीवर येतो. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी चेहरा दाखवून दाखला काढता येतो. त्यासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच या, शेवटच्या दिवसांत सर्व्हर अडकतो.

हिशोब मांडायला येताना पीपीओ, बारा महिन्यांची नोंद असलेलं पासबुक आणि एप्रिल ते जूनची वीजबिलं आणा. दोघंही या, कारण आहेराचा आणि सणाचा खरा आकडा बहुतेक घरांत काकूंनाच ठाऊक असतो.