चीनमध्ये 'कासव' ही शिवी कशी झाली

चीनमध्ये कुणाला 'वांगबा' म्हटलं की मारामारीच होते. शब्दशः अर्थ कासव, पण रोख असा की तुझी बायको बाहेर जाते आणि तू गप्प बसतोस. 'वांगबादान', म्हणजे कासवाचं अंडं, ही तर आई काढण्यासारखी शिवी.

आणि हाच प्राणी तिथे आधी किती पूज्य होता बघा. इ.स.पू. १२००च्या आसपास आन्यांगमध्ये शांग राजे कौल लावायचे तो कासवावरच. पोटाकडच्या कवचाला आतून छोटे खळगे पाडायचे, त्यांना तापलेल्या वस्तूचा चटका द्यायचा, पलीकडून तडा गेला की तो वाचायचा आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवायचा, चिनी लिपीचे सगळ्यात जुने मोठे पुरावे आज मिळतात ते या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर. पुढे थांग काळातसुद्धा लोक नावात हौसेने कासव घालायचे, दरबारी गायक ली क्वेइन्येन आणि कवी लू क्वेइमंग यांच्या नावातलं 'क्वेइ' म्हणजे कासवच.

मग बिघडलं कुठे? एक धागा फार जुना आहे. इ.स. १००च्या सुमाराच्या 'श्वोवन' या कोशात लिहिलंय की कासवांमध्ये नर नसतोच, मादी सापाशी जुगते. अर्थात हे खोटं आहे, पण समजूत टिकली, आणि मग कासव म्हणजे दुसऱ्याची पोरं पोसणारा नवरा हे चिकटायला वेळ लागला नाही. १३६६च्या ताव त्सुंगयीच्या टिपणांत एका बुडालेल्या घराण्याची टर उडवणारी कविता आहे, तिच्यात घरचे पुरुष म्हणजे डोकं आत ओढून बसलेली कासवं. म्हणजे तोपर्यंत हे लोकांच्या तोंडी रुळलेलं होतं.

मला खरं गंमतीचं वाटतं ते हे डोकं आत ओढणं. चिनीत 'डोकं आत घेतलेलं कासव' म्हणजे भित्रा, संकट आलं की लपणारा. आपल्याकडे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला नेमकी हीच उपमा दिलीय, कासव अवयव आत घेतं तशी इंद्रियं आवरणारा, आणि ज्ञानेश्वरीने १२९०मध्ये ती मराठीत आणली, म्हणजे त्या चिनी टिपणांच्या जेमतेम पाऊणशे वर्षं आधी! प्राणी तोच, हालचाल तीच, फक्त आपण तिच्यात संयम पाहिला आणि त्यांनी पळपुटेपणा. म्हणून आपल्याकडे देवळात नंदीच्या पुढ्यात जमिनीत कासव असतं, जेजुरीला तर पितळी पत्र्याने मढवलेलं भलं मोठं आहे.

जपानने कासव चीनकडूनच घेतलं, पण ही शिवी तिथे रुजली नाही, 'करकोचा हजार वर्षं, कासव दहा हजार' असं तिथे अजून म्हणतात आणि जुन्या पिढीत कामेकिची, कामेतारो अशी नावं सर्रास असायची. खुद्द चीनमध्येही जुना मान पुरता गेलेला नाही, दीर्घायुष्याच्या शुभेच्छेत कासव आणि करकोचा जोडीने येतात, फक्त वाढदिवसाला कुणाला कासव भेट द्यायचं नाही.