डावीकडे वळताना पाय का कचरतो?

समजा, एका फुटबॉलपटूचा उजव्या गुडघ्यातला एसीएल हा हाडे जोडणारा लिगामेंट फाटला. कुणाचा धक्का लागला नव्हता. डावीकडे वळण्यासाठी त्याने उजवा पाय रोवला आणि गुडघा आत मुरडला. शस्त्रक्रियेला आता दहा महिने झालेत. एका पायावरच्या उडीत उजवा पाय डाव्याच्या ९५ टक्के अंतर कापतो. तरीही सामन्यात डावीकडे वळायची वेळ आली की तो चेंडू मागे देतो.

असे अनेकांचे होते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे साधारण ५५ टक्केच, असे २०१४च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. न परतण्यामागे भीती हे एक ठळक कारण असते. ती मोजण्यासाठी २००८ साली एसीएल-आरएसआय ही बारा प्रश्नांची चाचणी तयार झाली. माझ्या मते उडीच्या चाचणीइतकेच तिचे महत्त्व आहे, कारण घाबरलेला खेळाडू गुडघा ताठ ठेवून उतरतो आणि भार दुसऱ्या पायावर टाकतो.

पण सराव करूनही भीती सामन्यात परत का येते? भीतीची आठवण पुसली जात नाही. ‘वळलो तरी काही झाले नाही’ ही नवी आठवण मेंदू तिच्या शेजारी ठेवतो, आणि ही नवी आठवण जिथे तयार झाली त्या जागेशी बांधलेली असते. व्यायामशाळेत मिळालेला दिलासा मैदानावर आपोआप येत नाही.

म्हणून सराव भाकितापासून सुरू करावा. आपला खेळाडू वळण्याआधी वहीत लिहितो : ‘गुडघा निसटेल, शक्यता ७० टक्के.’ मग ठरलेल्या जागी, चालण्याच्या वेगाने वळतो. गुडघा निसटत नाही. भाकीत आणि प्रत्यक्ष यांतली ही तफावतच मेंदूला शिकवते, त्यामुळे ती दर वेळी लिहायची. पुढे वेग वाढतो. नंतर वळायची दिशा प्रशिक्षक ऐनवेळी सांगतो, मग समोर बचावपटू येतो, मग ओले मैदान आणि थकलेले पाय. एखाद्या दिवशी आकडा पुन्हा वर जातो. जागा किंवा परिस्थिती बदलली की असे होणारच, त्यात सगळे वाया गेले असे नसते.

एक चूक मात्र सहज होते. फिजिओथेरपिस्टने गरज नाही म्हटल्यावरही खेळाडू गुडघ्याला आधाराचा पट्टा बांधूनच वळत राहतो. मग ‘पट्ट्यामुळे वाचलो’ एवढेच मेंदू शिकतो. पट्ट्याशिवायची वळणेही त्या वहीत यायला हवीत.

आणि कधी भीती खरेच बोलत असते. सरावानंतर गुडघा सुजला, खरोखर निसटला, किंवा शस्त्रक्रियेला नऊ महिनेही झाले नसतील, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गुडघा दाखवायचा.