बदललेल्या प्रवेशाचे टिपण

तालमी सुरू झाल्यावर एखादा प्रवेश पुन्हा लिहिला गेला, तर त्यातील पात्रे आता वेगळे का बोलतात हे नटांना सांगण्यासाठी दिग्दर्शक जे लेखी निवेदन देतो ते. चित्रपटात सुधारित पाने रंगीत कागदावर काढण्याची पद्धत हॉलिवूडमध्ये रूढ आहे; पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी. रंगावरून पान बदलले एवढे कळते, कशासाठी बदलले ते कळत नाही.

अशा टिपणाचा पाया बहुधा रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांच्या विचारात असतो: पात्र कोणत्या परिस्थितीत आहे आणि समोरच्याकडून त्याला काय हवे आहे. म्हणून त्यात भावना नव्हे, क्रियापदे लागतात. ‘इथे जास्त चिडून’ असे लिहिले की नट आवाज चढवतो; ‘त्याच्या तोंडून कबुली काढ’ म्हटले की त्याला करायला काहीतरी मिळते.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रवेश घेऊ. वडील गेल्यावर बहीण थोरल्या भावाकडे येते. जुन्या संहितेत ती थेट म्हणते, ‘दादा, माझा वाटा मला हवाय.’ नव्या संहितेत दादाने घर गहाण टाकल्याचे तिला आधीच कळले आहे, आणि ती विचारते, ‘घराचे कागद कुठे असतात रे हल्ली?’ टिपणात तिच्यासाठी एवढेच पुरते: तुला पैसे नकोत, त्याने स्वतःहून सांगावे असे वाटते, त्याला संधी देत राहा. दादासाठी: तिला काही माहीत नाही असे तू धरून चाललास, विषय टाळ.

खरी गोम न बदललेल्या वाक्यांत असते. दादाचे ‘चहा टाकू?’ दोन्ही संहितांत आहे. पूर्वी ते आगतस्वागत होते, आता पळवाट आहे. नव्या ओळी नट नव्याने पाठ करतो. ही जुनी ओळ मात्र पाठांतरातल्या जुन्याच सुरात येते आणि प्रवेश तिथे लंगडतो. त्यामुळे अशा ओळी टिपणात वेगळ्या नोंदवाव्या लागतात. परिणाम पुढेही जातात: तिसऱ्या अंकात गहाणखत सापडल्यावर बहिणीला बसणारा धक्का आता काढावाच लागतो.

टिपण उतरले की नाही हे तालमीत ओळखता येते. कागदांचा प्रश्न पुरा होण्याआधीच दादा कावराबावरा झाला, तर नट आपल्या पात्राच्या नव्हे, बहिणीच्या टिपणावरून वागतो आहे. काही दिग्दर्शक म्हणूनच दोघांना वेगवेगळी टिपणे देतात. त्याचा उपयोग पहिल्या काही तालमींपुरताच. नंतर गुपित राहत नाही आणि न कळल्याचा अभिनयच करावा लागतो. ओळ कशी म्हणायची हे मात्र टिपणात लिहू नये, नट ती चाल उचलतो आणि हेतू मागे पडतो.

प्रयोग सुरू झाल्यावर असा बदल करणे जोखमीचे. दडपणाखाली जुने वाक्य तोंडात येते आणि समोरच्या नटाला स्वतःच्या ओळीचा संकेत मिळत नाही.