पगार स्लिप आणि पगाराचा दाखला: गृहकर्जाच्या फाइलमध्ये एकाचं काम दुसऱ्याने का होत नाही

सांगलीत गृहकर्जाच्या फाइली तयार करून द्यायचं काम मी करतो. बँकेच्या कागदपत्रांच्या यादीत पगार स्लिप आणि पगाराचा दाखला या दोन वेगळ्या ओळी असतात. तरी लोक स्लिपवर कंपनीचा शिक्का मारून घेतात आणि हाच दाखला म्हणून पुढे करतात. काही जण खरोखरचा दाखला आणतात, पण त्यात स्लिपमधले आकडे जसेच्या तसे उतरवलेले असतात. पहिल्या प्रकारात एक हेलपाटा वाढतो, एवढंच. दुसऱ्या प्रकारात मंजूर होणारी रक्कम निम्म्याहून खाली येऊ शकते आणि ती का आली हे अर्जदाराला कळतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

स्लिप तुम्हाला ठाऊक आहे. दर महिन्याला मिळते, डावीकडे जमा, उजवीकडे कपात, खाली हातात पडणारी रक्कम. गेल्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा यांचे आकडे जुळले की स्लिपचं काम संपतं.

दाखला म्हणजे तुमच्या नोकरीबद्दल कंपनीने बँकेला लिहून दिलेलं म्हणणं. तो कंपनीच्या छापील लेटरहेडवर हवा, बँकेच्या शाखा व्यवस्थापकांच्या नावे हवा, त्याला जावक क्रमांक आणि अलीकडची तारीख हवी. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का आणि ऑफिसचा फोन हवा. नुसती वेटोळी सही आणि पुसट शिक्का असलेला दाखला मी परत पाठवतो, कारण बँक पडताळणीला फोन करते तेव्हा कोणाला विचारायचं हेच त्यावरून समजत नाही. वार्षिक सीटीसी लिहून दिलेला दाखलाही मला चालत नाही. त्या आकड्यात कंपनीने भरायचा पीएफ आणि कधीकधी ग्रॅच्युइटीही धरलेली असते, आणि बँकेला दरमहाचा पगार हवा असतो.

आता मुख्य गोष्ट. स्लिप एका महिन्यात काय झालं ते सांगते. दाखल्याने दर महिन्याला काय ठरलेलं आहे, त्यातलं किती टिकणार आहे आणि किती संपणार आहे, ते सांगायचं असतं. साखर कारखान्यातल्या हंगामी कायम कामगाराचं बघा. गाळप चालू असतानाच्या स्लिपवर पूर्ण पगार दिसतो. हंगाम संपल्यावरच्या महिन्यांत रिटेन्शन भत्त्याचीच रक्कम दिसते. दोन्ही स्लिपा खऱ्या, पण हा माणूस वर्षभरात किती कमावतो हे त्यांतल्या एकीवरूनही समजत नाही. ते दाखल्यातच लिहावं लागतं: हंगामी कायम, हंगामातला दरमहा पगार इतका, हंगामाबाहेर इतका.

बारमाही नोकरी असलेल्यांची गफलत कपातीच्या रकान्यात होते. कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कायम असलेला, छत्तीस वर्षांचा एक सुपरवायझर उदाहरणादाखल घेऊ. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० रुपये, घरभाडे भत्ता ६,००० आणि इतर भत्ते ४,०००, म्हणजे ठरलेला पगार ३४,०००. गेल्या महिन्यात ओव्हरटाइमचे ४,२०० मिळाले, म्हणून स्लिपवर जमा ३८,२०० दिसते. कपातीत पीएफ २,८८०, व्यवसाय कर २००, कामगारांच्या पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ६,५००, त्याच पतसंस्थेची वर्गणी ५०० आणि दिवाळीत घेतलेल्या उचलीचे ३,०००. एकूण कपात १३,०८०, हातात २५,१२०.

टाइम ऑफिसमधला क्लार्क दाखला लिहितो: ‘ढोबळ पगार ३४,०००, एकूण कपात १३,०८०, निव्वळ पगार २०,९२०.’ ओव्हरटाइम त्याने बरोबर वगळला. बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. तरी हा दाखला अर्जदाराचं मोठं नुकसान करतो.

ते कसं, ते सांगतो. किती हप्ता झेपेल हे ठरवताना बँक पगाराची एक टक्केवारी धरते. टक्केवारी बँकेगणिक वेगळी असते, आणि काही बँका ती ढोबळ पगारावर लावतात तर काही निव्वळ पगारावर. आपण निव्वळ पगाराच्या निम्मी रक्कम धरू. २०,९२० चे निम्मे १०,४६०. आता अर्जात चालू कर्जांचा रकाना असतो. तिथे आपल्या माणसाने पतसंस्थेचा ६,५०० चा हप्ता प्रामाणिकपणे लिहिलेला आहे, आणि तो लिहायलाच हवा. बँकेतला अधिकारी १०,४६० मधून ते ६,५०० वजा करतो आणि नव्या हप्त्यासाठी ३,९६० उरतात. पण हेच ६,५०० दाखल्यातल्या १३,०८० मध्ये आधीच वजा झालेले आहेत. ते त्यात आहेत हे अधिकाऱ्याला दिसत नाही, कारण दाखल्यावर कपातीचा एकच ठोकळ आकडा आहे. एकच हप्ता दोनदा कापला गेला.

साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर एक लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. ३,९६० रुपयांत साडेचार लाखांच्या आसपास कर्ज मिळेल.

आता त्याच माणसाच्या कपाती फोडून लिहू. कायद्याने होणारी कपात पीएफ आणि व्यवसाय कर, मिळून ३,०८०. ती वजा जाता पगार ३०,९२०, त्याचे निम्मे १५,४६०. त्यातून पतसंस्थेचा हप्ता एकदाच वजा केला की ८,९६० उरतात, म्हणजे सव्वादहा लाखांच्या थोडं वर. पगार तोच, माणूस तोच, बँकही तीच. दाखल्यात कपातीच्या एका ओळीऐवजी तीन ओळी आल्या, इतकाच फरक.

वर्गणी म्हणजे त्याचेच बचतीचे पैसे आहेत, कर्ज नव्हे. उचलीचे दोनच महिने उरले असतील तर ‘दोन महिन्यांत पूर्ण फिटेल’ असं दाखल्यात लिहून घ्यावं. पतसंस्थेच्या कर्जाचे किती हप्ते शिल्लक आहेत तेही असावं. हप्ते थोडेच उरले असतील तर काही बँका ते कर्ज आधी फेडून बेबाकी दाखला आणायला सांगतात. तसं जमलं तर या उदाहरणात पूर्ण १५,४६० मोकळे होतात आणि रक्कम पावणेअठरा लाखांपर्यंत जाते. हप्ता दडवून मात्र काही साधत नाही. स्लिपवर तो छापलेला असतो, आणि दाखला व स्लिप यांत फरक दिसला की सगळी फाइल संशयात येते.

ओव्हरटाइम पूर्ण वगळायला सांगू नका. सहा महिन्यांची सरासरी वेगळ्या ओळीत लिहून घ्या. काही बँका त्यातला थोडा भाग धरतात, काही अजिबात धरत नाहीत. पण तो ठरलेल्या पगारात मिसळला तर पुढच्या महिन्याच्या स्लिपशी दाखला जुळणार नाही.

निवृत्तीची तारीख स्लिपवर बहुधा नसते. पगारदाराच्या कर्जाची मुदत सहसा निवृत्तीपर्यंतच धरली जाते. आपला सुपरवायझर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार असेल तर त्याच्याकडे बावीस वर्षं आहेत आणि वीस वर्षांची मुदत बसते. पंचेचाळिशीतल्या माणसाला तेराच वर्षं मिळतील आणि हप्ता चढेल. कंपनीत निवृत्तीचं वय साठ असेल तर ते दाखल्यावर यायलाच हवं, कारण ती दोन वर्षं त्याच्या उपयोगाची आहेत.

हे सगळं तोंडी सांगून होत नाही. क्लार्कच्या संगणकात जुना मसुदा असतो आणि तो नाव बदलून तोच छापतो. म्हणून अर्ज लेखी द्या. मी साधारण असा लिहून देतो:

‘प्रति, मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विषय: गृहकर्जासाठी पगाराचा दाखला मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या … विभागात … या पदावर दि. … पासून कायम नोकरीत आहे. हजेरी क्रमांक … . मी … बँकेच्या … शाखेत गृहकर्जासाठी अर्ज करत आहे. त्यासाठी सदर शाखेच्या व्यवस्थापकांच्या नावे दाखला मिळावा, ही विनंती. दाखल्यात नेमणुकीची व निवृत्तीची तारीख, कायम असल्याची नोंद, दरमहाचा ठरलेला पगार भत्त्यांच्या तपशिलासह आणि ओव्हरटाइमची सहा महिन्यांची सरासरी स्वतंत्र नमूद करावी. कपाती तीन भागांत दाखवाव्यात: कायद्याने होणाऱ्या; कर्जाचे हप्ते, शिल्लक हप्त्यांच्या संख्येसह; आणि वर्गणी, उचल इत्यादी इतर. गेल्या महिन्याची स्लिप सोबत जोडली आहे. बँकेकडून पडताळणीसाठी फोन आल्यास माहिती द्यावी, ही नम्र विनंती.’

अर्जासोबत दाखल्याचा रिकाम्या जागा सोडलेला मसुदाही द्यावा. क्लार्कला आकडे भरायचेच काम उरतं आणि तीन भाग जसेच्या तसे राहतात.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. ‘कंपनी कोणाच्या कर्जाला जामीन राहत नाही’ असं सांगून साहेब सही नाकारतात. त्यांची भीती येते ती पतसंस्थांच्या कागदावरून. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने संस्थेला करार लिहून दिला की संस्थेचं देणं पगारातून कापून भरण्याची जबाबदारी मालकावर येते. कारखान्यांच्या ऑफिसांना या कपातीच्या पत्रांची सवय आहे आणि बँकेचा दाखलाही त्यातलाच वाटतो. तो तसा नाही. दाखल्यात कंपनी आजची माहिती देते, हप्ता भरण्याची हमी देत नाही. गृहकर्जाला तारण घराचं असतं आणि हप्ता कर्जदाराच्या खात्यातून जातो. साहेबांना हवं असेल तर ‘ही माहिती कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून दिली असून कंपनी कर्जाची कोणतीही जबाबदारी घेत नाही’ ही ओळ दाखल्यात खुशाल घालू द्या. ती ओळ असलेले दाखले बँका स्वीकारतात. एखाद्या सहकारी बँकेने पगारातून कपातीचं हमीपत्र मागितलंच, तर ते बँकेच्या वेगळ्या नमुन्यावर आणि वेगळ्या सहीने घ्यावं. दाखल्याच्या मजकुरात ते घुसडायला सांगितलं की दोन्ही कागद अडकून पडतात.