‘मुदत वाढवा’ ही लिंक का नसावी

सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचकाचं खातं उघडलं आहे असं समजा. घरी नेलेल्या प्रत्येक पुस्तकासमोर दोन निळ्या चौकटी दिसतात: ‘पुस्तकाची माहिती’ आणि ‘मुदत वाढवा’. दोन्हींचा रंग, आकार आणि अक्षरं सारखीच आहेत. तरीही पहिली चौकट लिंक हवी आणि दुसरी बटण. पहिलीवर क्लिक केल्यावर आपण दुसऱ्या पानावर जातो आणि मागे येतो, ग्रंथालयात काहीच बदलत नाही. दुसरीवर क्लिक केलं की ग्रंथालयाच्या नोंदवहीत परतीची तारीख बदलते.

एचटीएमएलमध्ये हा फरक असा लिहिला जातो:

```html
<a href="/books/412">पुस्तकाची माहिती</a>

<form method="post" action="/loans/412/renew">
  <button type="submit">मुदत वाढवा</button>
</form>
```

लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर त्या पत्त्यावर `GET` विनंती पाठवतो. तिचा अर्थ ‘हे पान मला दाखव’ एवढाच. वेबच्या नियमांत `GET` ही सुरक्षित विनंती मानली आहे: ती कितीही वेळा केली तरी पलीकडे काही बदलावं अशी मागणी तिच्यात नसते. त्या भरवशावर ब्राउझर, शोधयंत्रांचे क्रॉलर आणि ईमेल तपासणाऱ्या यंत्रणा लिंका बेधडक उघडतात, कधीकधी माणसाने क्लिक करण्याआधीच. फॉर्ममधलं वरचं बटण मात्र `POST` विनंती पाठवतं, आणि अशी विनंती यंत्रणा स्वतःहून करत नाहीत.

हा भरवसा मोडला की काय होतं, ते मे २००५ मध्ये दिसलं. गूगलने ‘वेब अॅक्सलरेटर’ नावाची सोय आणली. समोरच्या पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायच्या, म्हणजे प्रत्यक्ष क्लिक केल्यावर पान चटकन दिसेल, अशी तिची कल्पना. पण बेसकॅम्पसारख्या काही वेब ॲपमध्ये ‘काढून टाका’ ही क्रिया साध्या लिंकवर ठेवलेली होती. वापरणारा लॉगिन केलेला असल्यामुळे विनंती त्याच्याच नावाने जायची आणि त्याचा मजकूर पुसला जायचा. ‘नक्की काढायचं का?’ ही खिडकीही उपयोगी पडली नाही, कारण ती क्लिक झाल्यावर जावास्क्रिप्ट उघडत असे आणि इथे क्लिक झालाच नव्हता. अॅक्सलरेटरने `href` मधला पत्ता वाचला आणि थेट उघडला.

ती सोय पुढे बंद झाली, पण हीच अडचण आजही ईमेलमध्ये भेटते. ‘सदस्यत्व रद्द करा’ या लिंकवर गेल्या गेल्याच सदस्यत्व रद्द होत असेल, तर पत्रातल्या लिंका तपासणारी सुरक्षा यंत्रणाच वाचकाला यादीतून काढून टाकू शकते. म्हणून २०१७ साली एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची जी प्रमाण पद्धत ठरली, तिने `POST` वापरायला सांगितलं. आपल्या पत्रात लिंक द्यायचीच असेल, तर ती एका पानावर न्यावी आणि रद्द करण्याचं बटण त्या पानावर ठेवावं.

‘मुदत वाढवा’ अनेकदा आणखी एका प्रकारे लिहिलेलं आढळतं. पत्ता खोटाच असतो आणि काम जावास्क्रिप्ट करतं:

```html
<a href="#" onclick="renew(412)">मुदत वाढवा</a>
```

वरवर सगळं ठीक चालतं, पण नीट पाहावं. `#` हा पत्ता पानाच्या माथ्याचा आहे. त्यामुळे विसाव्या पुस्तकासमोर क्लिक केलं की मुदत वाढते आणि पान उडी मारून वर जातं. झालेलं काम दिसावं म्हणून पुन्हा खाली यावं लागतं. माउसच्या मधल्या बटणाने क्लिक केलं तर हेच पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि मुदत वाढतच नाही. कंट्रोल दाबून क्लिक केलं तर मुदतही वाढते आणि नवा टॅबही उघडतो. लिंक दिसली की ती नव्या टॅबमध्ये उघडता येईल असं वाचक धरून चालतो, आणि त्याचं काही चुकत नाही. पानाची उडी जावास्क्रिप्टने थांबवता येते. पण लिंक असल्याचा दावा तसाच राहतो.

कळफलकावरून वापरताना फरक आणखी ठळक होतो. लिंक फक्त एंटरने चालते. तिच्यावर असताना स्पेसबार दाबला तर पान खाली सरकतं. बटण एंटर आणि स्पेसबार दोन्हींनी चालतं. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीनरीडर मजकुरासोबत ‘लिंक’ किंवा ‘बटण’ असंही वाचतो, आणि त्यावरून कोणती कळ दाबायची आणि पुढे काय होणार याचा अंदाज वाचक बांधतो. एनव्हीडीए या स्क्रीनरीडरमध्ये `K` दाबून पुढच्या लिंकवर आणि `B` दाबून पुढच्या बटणावर जाता येतं. मुदत वाढवायचं बटण `B` ने शोधणाऱ्याला वरची लिंक सापडणारच नाही. पानावर ती सोयच नाही असं त्याला वाटेल.

याहून वाईट म्हणजे साध्या `div` ला `onclick` जोडणं. टॅब दाबत गेलं तर त्याच्यावर थांबताच येत नाही, आणि स्क्रीनरीडरला तो नुसता मजकूर वाटतो. मग `role="button"` लावा, `tabindex="0"` द्या, एंटर आणि स्पेसबार वेगवेगळे हाताळा, स्पेसबारने पान सरकू नये म्हणून तेही रोखा, असं सगळं हाताने करावं लागतं. `button` लिहिलं की हे सारं फुकट मिळतं. ते बटणासारखं दिसायला नको असेल, तर सीएसएसने त्याला अधोरेखित मजकुराचं रूपही देता येतं.

बटणाचीही एक खोड आहे. फॉर्मच्या आत `type` न लिहिलेलं बटण फॉर्म पाठवणारं मानलं जातं. लॉगिनच्या फॉर्ममधलं ‘पासवर्ड दाखवा’ दाबताच अर्धवट भरलेला फॉर्म निघून जातो, तो बहुतेक वेळा याच कारणाने. अशा बटणाला `type="button"` लिहावं.

काही ठिकाणी निर्णय खरोखर अवघड वाटतो. ‘ऑर्डर द्या’ दाबल्यावर नवं पान उघडतं, म्हणून ती लिंक होत नाही. ऑर्डर नोंदली जाते, ही त्यातली मुख्य गोष्ट, आणि नवं पान हा तिचा परिणाम. ‘लॉग आउट’चंही तसंच, तेही बटणच हवं. पीडीएफ उतरवून घेणं मात्र लिंक आहे, कारण फाइलला स्वतःचा पत्ता असतो. खाली पसरणारा मेनू किंवा पानावरच उघडणारी चौकट यांना पत्ता नसतो, म्हणून त्यांना बटण.

ग्रंथसूचीत ‘फक्त मराठी पुस्तकं’ निवडण्याचा प्रश्न जरा वेगळा आहे. निवडीने पत्ता `/books?lang=mr` असा होत असेल, तर लिंक द्यावी. त्यामुळे निवडलेली यादी मित्राला पाठवता येते, खूण करून ठेवता येते आणि मागे जाण्याचं बटणही अपेक्षेप्रमाणे चालतं. पत्ता तसाच राहून समोरची यादीच गाळली जात असेल, तर बटण द्यावं, आणि निवड चालू आहे की बंद हे `aria-pressed` ने सांगावं, म्हणजे स्क्रीनरीडर ते बटण दाबलेलं आहे का तेही वाचून दाखवतो.