डिसेंबरचा विक्रम खरा की थंडीचा?

सोलापुरात नवी पेठेत चादरी आणि टॉवेलचं एक दुकान आहे असं समजा. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, पण त्यांची चाल इथल्या कुठल्याही दुकानदाराला ओळखीची वाटेल. डिसेंबर २०२५ मध्ये या दुकानातून ८७० चादरी गेल्या. चार वर्षांतला सगळ्यात मोठा महिना. मालक खूश आहेत, आणि त्याच खुशीत पुढच्या वर्षीची ऑर्डर कारखानदाराला वाढवून द्यायच्या विचारात आहेत.

पण डिसेंबरमध्ये चादर खपणारच. थंडीमुळे किती खपली आणि धंदा खरोखर वाढल्यामुळे किती, हे वेगळं काढल्याशिवाय ८७० या आकड्याला काही अर्थ नाही. हे वेगळं काढण्याचं साधन म्हणजे हंगामी निर्देशांक. सरासरी महिना १०० धरला, तर अमुक महिना किती, हे तो सांगतो.

चार वर्षांची वही हातात आहे: जानेवारी २०२२ ते डिसेंबर २०२५, एकूण ४८ महिने. आधी प्रत्येक महिन्यासाठी ‘हंगाम नसता तर विक्री साधारण किती असती’ हे हवं. त्यासाठी १२ महिन्यांची चल सरासरी काढतात. सलग १२ महिने घेतले की त्यात थंडी, उन्हाळा, सण सगळं एकेकदा येतं आणि चढउतार आपसांत जिरतात.

डिसेंबर २०२३ घेऊ. जून २०२३ ते मे २०२४ या १२ महिन्यांत ५,९२८ चादरी गेल्या, म्हणजे महिन्याला ४९४. पण बारा ही सम संख्या, त्यामुळे या खिडकीचा मध्य नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मधोमध पडतो. म्हणून खिडकी एक महिना पुढे सरकवायची. जुलै २०२३ ते जून २०२४ मध्ये ५,९७६, म्हणजे महिन्याला ४९८. या दोन सरासरींची सरासरी ४९६, आणि ती बरोबर डिसेंबरवर बसते. त्या डिसेंबरची प्रत्यक्ष विक्री होती ७५४. भागाकार केला की १५२ टक्के.

असंच डिसेंबर २०२२ चं गुणोत्तर १४७ आलं आणि २०२४ चं १५४. डिसेंबर २०२५ चं काढता येत नाही, कारण त्याच्या पुढचे सहा महिने अजून घडलेलेच नाहीत. चल सरासरी दोन्ही टोकांचे सहा-सहा महिने खाते, म्हणून चार वर्षांच्या वहीतून प्रत्येक महिन्याला तीनच गुणोत्तरं मिळतात. तिघांची सरासरी १५१. बाराही महिन्यांच्या अशा सरासरींची बेरीज १,२०० यायला हवी, इथे ती १,२०८ आली. म्हणून प्रत्येकीला १,२०० भागिले १,२०८ ने गुणायचं. डिसेंबरचा निर्देशांक झाला १५०.

आता ८७० ला दीडने भागा. ५८० येतात. हा झाला थंडी काढून टाकलेला डिसेंबर.

५८० चांगले की वाईट, हे ठरवायला कल लागतो. ४८ ही महिन्यांची विक्री आपापल्या निर्देशांकाने भागून घ्यायची आणि त्या सपाट झालेल्या आकड्यांतून सरळ रेघ काढायची. कच्च्या आकड्यांतून रेघ काढण्याचा मोह आवरावा. आपली वही डिसेंबरला संपते, वर्षाची शेवटची तिमाही नेहमीच उंच असते, आणि त्या उंचीला वाढ समजून रेघ उगाच जास्त चढते. सपाट आकड्यांतून या दुकानाची रेघ अशी निघते: ४०० अधिक महिन्याच्या क्रमांकाच्या चौपट, जानेवारी २०२२ चा क्रमांक १. दर महिन्याला चार चादरींची वाढ. डिसेंबर २०२५ हा ४८वा महिना, त्याला रेघ ५९२ म्हणते. म्हणजे विक्रमी डिसेंबर प्रत्यक्षात कलापेक्षा १२ ने कमीच होता! एवढ्या फरकाने घाबरायचं कारण नाही, पण विक्रमाच्या खुशीत ऑर्डर कलापेक्षा जास्त वाढवायचंही नाही.

अंदाजासाठी हेच उलटं करायचं. डिसेंबर २०२६ हा ६०वा महिना. कल ६४०, गुणिले १.५, म्हणजे ९६० चादरी. जानेवारीची गुणोत्तरं ११२, ११५, ११३ आली आहेत. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा मकरसंक्रांतीला धरून असते, संक्रांत सूर्यावर चालते, त्यामुळे यात्रेची गर्दी दरवर्षी जानेवारीतच पडते. असा महिना निर्देशांकाला फार सोपा.

अडतं ते दिवाळीपाशी. ऑक्टोबरची तीन गुणोत्तरं आहेत १४२, ९७, १३८. नोव्हेंबरची १०४, १४६, १०७. इतकी फाकलेली गुणोत्तरं दिसली की सरासरी काढायच्या आधी थांबायचं. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, आणि २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, म्हणजे खरेदी बहुतेक ऑक्टोबरातच उरकलेली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, आणि तो फरक अधूनमधून अधिक महिना घालून भरून काढतात. इंग्रजी महिन्यांनी लिहिलेल्या वहीला त्याची खबर नसते.

तरीही सरासरी काढलीच, तर बेरीज सुधारून ऑक्टोबर १२५ आणि नोव्हेंबर ११८ येतात. हे दोन्ही आकडे तीनपैकी एकाही वर्षाचे नाहीत. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हे वर्ष २०२३ च्या जातकुळीचं. त्या वर्षाची गुणोत्तरं सुधारून घेतली की ९६ आणि १४५ होतात. कल ऑक्टोबरला ६३२ आणि नोव्हेंबरला ६३६. सरासरी निर्देशांकाने अंदाज येतो ७९० आणि ७५०, दिवाळी पाहून केलेला येतो ६०७ आणि ९२२. दोन महिन्यांची बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखीच, १,५४० आणि १,५२९. पण पहिला आकडा धरला तर ऑक्टोबरात माल पडून राहील आणि ऐन दिवाळीत पावणेदोनशे चादरी कमी पडतील.

एकाच वर्षाच्या गुणोत्तरावर एवढी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे, हे खरं. जुनी वही सापडली तर उशिरा दिवाळी आलेली आणखी वर्षं शोधावीत. नाही सापडली, तर दोन महिन्यांच्या बेरजेवर विश्वास ठेवावा, कारण ती तिन्ही वर्षं २४३ ते २४६ च्या आत राहिली आहे. माल तेवढा तयार ठेवायला सांगायचा आणि मोठा हिस्सा ऑक्टोबरच्या अखेरीस उचलायचा.

याच वर्षी अधिक ज्येष्ठही आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे आहेरासाठी जाणारे टॉवेल आणि चादरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात तरी जातील किंवा १५ जूननंतर. २०२३ मध्येही अधिक महिना होता, पण तो श्रावण, जुलै-ऑगस्टमधला, त्यामुळे इथे त्या वर्षाची गुणोत्तरं कामाची नाहीत. मे-जूनचा अंदाज निर्देशांकावर सोडण्यापेक्षा पंचांगातले मुहूर्त मोजून हाताने खालीवर केलेला बरा.